डिटेन्शनचं बिल तारखांनी कसं खोडायचं

भोसरीतल्या एका कारखानदाराने चीनहून यंत्रांचे सुटे भाग मागवले होते, चाळीस फुटी एकच कंटेनर, न्हावा शेवाला उतरलेला. रिकामा कंटेनर २९ मार्चला शिपिंग लाइनच्या यार्डात परत गेला आणि ४ एप्रिलला बिल आलं. वीस दिवसांचं डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचे पैसे, १,३७० डॉलर. लाइनने डॉलरला ८५ रुपयांचा दर लावला होता आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,३७,४११ रुपये. कारखानदाराचा मला पहिला प्रश्न होता, "किती सूट मिळेल?"

सूट मागायचीच नाही, असं मी त्यांना सांगितलं. सूट मागितली की बिल बरोबर असल्याचं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. मग लाइनचा माणूस चांगुलपणा म्हणून वीस-पंचवीस टक्के कमी करतो आणि फाइल बंद करतो. आपल्याला वेव्हर, म्हणजे माफी, नको होता, बिलाची दुरुस्ती हवी होती. या दोन वेगळ्या मागण्या आहेत आणि पहिल्या मेलमध्ये कोणता शब्द पडतो यावर पुढचं बरंच ठरतं. हेच प्रकरण धरून ही दुरुस्ती कशी मागायची ते पायरीपायरीने सांगतो.

पैसे कोण मागतंय, कशाचे मागतंय

आपल्याकडे बोलताना सगळ्यालाच डेमरेज म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कंटेनर टर्मिनलमध्ये किंवा सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर स्टेशनात, पडून राहिला की जागेचं भाडं लागतं. सीएफएसवाले त्याला ग्राउंड रेंट म्हणतात. कंटेनर नावाची पेटी लाइनच्या मालकीची असते. ती ठरल्यापेक्षा जास्त दिवस आपल्याकडे राहिली तर लाइन जे घेते ते डिटेन्शन. काही लाइन्स बंदराच्या आतल्या दिवसांना डेमरेज आणि बाहेरच्या दिवसांना डिटेन्शन अशी दोन नावं देतात. काहींचं जहाजातून उतरल्यापासून रिकामी पेटी परत येईपर्यंत एकच मीटर असतं. त्यामुळे बिलावरचा शब्द बघून थांबू नका. त्या लाइनच्या टॅरिफमध्ये, म्हणजे दरपत्रकात, त्या शब्दाची व्याख्या काय दिली आहे ते वाचा. दोन वेगळी मीटरं असतील तर एकच दिवस दोन्हींत धरला गेलाय का, ते लगेच कळतं.

दुसरी गोष्ट, तुमचा करार कोणाशी आहे? फॉरवर्डरने, म्हणजे वाहतूक जुळवून देणाऱ्या एजंटने, स्वतःचं हाउस बीएल, म्हणजे बिल ऑफ लेडिंग हा वाहतुकीचा कागद, दिलं असेल तर लाइनच्या मास्टर बीएलवर तुमचं नाव नसतं. तिथे लाइन फॉरवर्डरला बिल लावते आणि फॉरवर्डर तुम्हाला. अशा वेळी फॉरवर्डरकडून लाइनचं मूळ बिल मागून घ्या. कधीकधी त्याला चौदा दिवस फ्री मिळालेले असतात आणि त्याने तुम्हाला सातच दिलेले असतात. आमच्या प्रकरणात बीएल थेट लाइनचं होतं, त्यामुळे हा फाटा नव्हता.

मेल लिहिण्याआधी सगळ्या तारखा एका कागदावर

लोक आधी रागाचा मेल लिहितात आणि कागद नंतर शोधतात. क्रम उलटा हवा. एका कोऱ्या कागदावर तारखा मांडा आणि प्रत्येक तारखेसमोर ती कोणत्या कागदावरून घेतली ते लिहा. ज्या तारखेला कागद नाही ती तारीख वादात वापरता येत नाही. आमचा कागद असा होता:

| तारीख | काय झालं | पुरावा |
|---|---|---|
| ३ मार्च | जहाज धक्क्याला लागलं | लाइनची अरायव्हल नोटीस |
| ४ मार्च | कंटेनर जहाजातून उतरला | टर्मिनलच्या साइटवरची नोंद, लाइनचं ट्रॅकिंग |
| २१ मार्च | ड्यूटी भरली | चलन |
| २३ मार्च | तपासणी होऊन आउट ऑफ चार्ज, म्हणजे कस्टम्सने माल सोडला | बिल ऑफ एंट्री |
| २४ मार्च | सीएफएसमधून गाडी निघाली | गेट पास, ईआयआर म्हणजे कंटेनर दिल्या-घेतल्याची पावती |
| २६ मार्च | एमटी, म्हणजे रिकामा कंटेनर, घेऊन गाडी यार्डवर, परत पाठवली | ड्रायव्हरचे फोटो, गाडीचं जीपीएस |
| २८ मार्च | लाइनने दुसरं यार्ड दिलं | लाइनचा मेल |
| २९ मार्च | एमटी आत घेतली | यार्डचा ईआयआर |

ट्रॅकिंगच्या आणि टर्मिनलच्या पानांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. ही पानं काही महिन्यांनी रिकामी दिसू लागतात. लाइनच्या टॅरिफच्या पानाचंही तेच. टॅरिफ बदलतं आणि साइटवर नवंच दिसतं. तुम्हाला लागू होणारं टॅरिफ कोणत्या तारखेचं, हे टॅरिफमध्येच लिहिलेलं असतं. कुठे कंटेनर उतरल्याची तारीख धरतात, कुठे बुकिंगची. ते वाक्य शोधून त्याखाली रेघ मारून ठेवा.

मीटर कधी सुरू झालं

लाइनने ३ मार्च हा पहिला दिवस धरला होता, म्हणजे जहाज लागल्याचा दिवस. त्यांच्याच टॅरिफमध्ये लिहिलं होतं की फ्री दिवस कंटेनर उतरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजले जातील. कंटेनर उतरला ४ तारखेला, म्हणजे पहिला दिवस ५ मार्च. दोन दिवसांची चूक इथेच सापडली.

दोन दिवस किरकोळ वाटतात, पण डिटेन्शनचा दर टप्प्यांनी चढतो. या लाइनचा दर पैसे लागू झाल्यापासूनच्या पहिल्या सात दिवसांना रोज ४० डॉलर, पुढच्या सात दिवसांना ७० आणि त्यानंतर १०० असा होता. सुरुवातीला दोन दिवस चुकीचे धरले की सगळी रांग पुढे सरकते आणि शेवटचे दोन दिवस सर्वात महाग टप्प्यात जाऊन पडतात. म्हणून त्या दोन दिवसांची किंमत ८० डॉलर नव्हती, २०० होती. प्रत्येक मुद्द्याची किंमत काढताना नेहमी पूर्ण बिल नव्याने मांडा आणि फरक घ्या. नुसते दिवस गुणिले दर करू नका.

मोजताना आणखी दोन गोष्टी बघा. फ्री दिवस कॅलेंडरचे आहेत की कामाचे? बहुतेक ठिकाणी कॅलेंडरचे असतात. रविवार, होळी वगैरे धरूनच. त्यामुळे "मध्ये सुट्ट्या होत्या" हा मुद्दा टॅरिफमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर मांडूच नका, बाकीचे मुद्देही हलके होतात. दुसरं, एमटी परत केल्याचा दिवस धरायचा की नाही? या लाइनच्या टॅरिफप्रमाणे तो धरायचा होता, आम्ही धरला.

फ्री दिवस किती: सात की चौदा

बिलात फ्री दिवस सात होते. कारखानदार म्हणत होते चौदा ठरले होते. लाइनच्या मुंबई ऑफिसमध्ये फोन केला तर उत्तर ठरलेलं, "सर, आमच्या सिस्टीममध्ये सातच दिसतायत."

ती मुलगी खोटं बोलत नव्हती. जादा फ्री दिवस बहुधा माल पाठवणारा तिकडच्या लाइन ऑफिसशी ठरवतो, बुकिंग करतानाच. ती मंजुरी तिकडच्या सिस्टीममध्ये राहते. बीएलवर छापली गेली नाही किंवा इकडच्या ऑफिसला कळवली नाही, तर मुंबईचं सिस्टीम टॅरिफमधले नेहमीचे दिवस लावून मोकळं होतं. अशा वेळी मुंबईशी भांडून उपयोग नाही. माल पाठवणाऱ्याला मेल करून बुकिंग कन्फर्मेशन किंवा दराचं कोटेशन मागवा आणि त्यालाच त्याच्या लाइन ऑफिसकडून मुंबई ऑफिसला एक ओळीचं कन्फर्मेशन पाठवायला लावा. मुंबईवाल्यांना हेच लागतं, कारण त्याशिवाय त्यांना बिल बदलण्याचा अधिकार नसतो.

आमच्याकडे बुकिंग कन्फर्मेशन आलं, त्यावर उतरण्याच्या बंदरात चौदा दिवस फ्री असं स्पष्ट होतं. बुकिंग नंबर बीएलवरच्या नंबराशी जुळत होता. हे जुळवणं विसरू नका. जुन्या बुकिंगचं कन्फर्मेशन जोडलेली फाइल मी पाहिली आहे आणि त्यानंतर लाइनने त्या माणसाच्या एकाही कागदावर विश्वास ठेवला नाही. चौदा दिवस धरले की ५ ते १८ मार्च फ्री आणि पैसे १९ मार्चपासून. या एका मुद्द्याची किंमत ६१० डॉलर होती.

पुढच्या वेळेसाठी एवढंच करा, चौदा दिवसांची ओळ बीएलच्या पुढच्या पानावर छापून घ्या. बीएलचा मसुदा तपासायला येतो तेव्हा हे फुकट होतं.

यार्डने एमटी घेतली नाही

२६ मार्चला ड्रायव्हर रिकामा कंटेनर घेऊन डीओवर, म्हणजे लाइनच्या डिलिव्हरी ऑर्डरवर, लिहिलेल्या यार्डवर गेला. गेटवर सांगितलं, यार्ड फुल, उद्या या. २७ला तेच. २८ला दुपारी लाइनने मेलवर दुसरं यार्ड दिलं आणि २९ला एमटी आत गेली. लाइनने २९पर्यंतचे सगळे दिवस लावले होते.

इथे मुद्दा साधा आहे. पेटी कुठे परत करायची ते लाइन ठरवते. तिने सांगितलेल्या जागी तुम्ही वेळेत पेटी नेली आणि तिच्याच यार्डने ती घेतली नाही, तर पुढचे दिवस तुमच्या ताब्यातले कसे? मुद्दा साधा असला तरी पुराव्याअभावी सर्वात जास्त हरला जातो तोही हाच. यार्ड नकार तोंडी देतं आणि कागद देत नाही.

म्हणून ड्रायव्हरला आधीच बजावून ठेवायचं. गेटवर पोहोचल्यावर यार्डची पाटी आणि कंटेनरचा नंबर एकाच फोटोत येईल असा फोटो काढायचा, वेळेसकट. रिजेक्शनची चिठ्ठी मिळत असेल तर घ्यायची. मग ऑफिसमधून त्याच तासात लाइनला मेल: अमुक नंबरची पेटी अमुक यार्डने अमुक वाजता नाकारली, दुसरी जागा कळवा, तोपर्यंतचे दिवस आम्हाला लावू नयेत. आठ दिवसांनी पाठवलेला मेल तक्रार ठरतो, त्याच तासातला मेल पुरावा ठरतो. ट्रान्सपोर्टरकडून गाडीच्या जीपीएसचा त्या दिवसाचा नकाशा मागून घ्या. गाडी यार्डच्या गेटवर किती वेळ उभी होती ते त्यात दिसतं आणि त्यावर वाद घालणं अवघड जातं.

२७, २८ आणि २९ हे तीन दिवस काढले तर आणखी २१० डॉलर कमी होत होते. उरले १९ ते २६ मार्च, आठ दिवस: सात दिवसांचे २८० आणि आठव्याचे ७०, मिळून ३५० डॉलर.

कस्टम्सचे दिवस मी का सोडले

ड्यूटी २१ला भरली आणि तपासणी होऊन माल २३ला सुटला. कारखानदारांचं म्हणणं, हे दोन दिवस कस्टम्समुळे गेले, तेही काढा.

याला नियमाचा आधार आहे. २०१८च्या सी कार्गो मॅनिफेस्ट अँड ट्रान्सशिपमेंट रेग्युलेशन्समधल्या नियम १०मध्ये वाहतूकदारावर एक बंधन आहे. बिल ऑफ एंट्री या आयातीच्या कागदातल्या नोंदी पडताळण्यासाठी कस्टम्सने माल अडवून ठेवला आणि नोंदी बरोबर निघाल्या, तर त्या काळाचं कंटेनर डिटेन्शन मागायचं नाही. ही सवलत साठ दिवसांपुरती आहे, त्यानंतरचं डिटेन्शन लाइन मागू शकते. सीएफएसच्या भाड्यासाठी असाच नियम २००९च्या हँडलिंग ऑफ कार्गो इन कस्टम्स एरियाज रेग्युलेशन्समध्ये आहे, जप्त केलेल्या किंवा अडवलेल्या मालाला भाडं लावायचं नाही असा.

पण लाइन म्हणते की रोजची तपासणी म्हणजे अडवणूक नव्हे. कस्टम्सने लेखी सर्टिफिकेट दिलं, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माल आम्ही अडवला होता आणि आयातदाराची चूक आढळली नाही असं, तर बोलायला जागा असते. एसआयआयबी या कस्टम्सच्या तपास शाखेने माल थांबवला, नमुने प्रयोगशाळेत गेले, महिनाभर अडकला आणि शेवटी सगळं बरोबर निघालं, अशा प्रकरणात ते सर्टिफिकेट जरूर मागा आणि भांडा. आमच्याकडे ड्यूटीच उशिरा भरलेली होती आणि कसलंही सर्टिफिकेट नव्हतं. दोन दिवसांसाठी हा कच्चा मुद्दा घातला असता तर पक्के तीन मुद्देही संशयात आले असते. आपली चूक आपणच मान्य केली की समोरच्याला बाकीचं वाचावंसं वाटतं, हा माझा अनुभव आहे.

मेल

मेल एक पानाचा. वाचणारा माणूस बिलाच्या विभागातला असतो. त्याला तुमचे जुने संबंध किंवा धंद्यातली मंदी ऐकायची नसते, त्याला आपल्या साहेबाकडून सही घ्यायची असते. ती सही घेणं सोपं होईल असं लिहा. आमच्या मेलचा मजकूर साधारण असा होता, पाठवला इंग्रजीत:

"बिल नंबर अमुक, बीएल नंबर अमुक, कंटेनर नंबर अमुक. हे बिल आम्हाला खालील तीन मुद्द्यांवर मान्य नाही. आम्ही सवलत मागत नाही, बिलाची दुरुस्ती मागत आहोत. एक, तुमच्या टॅरिफप्रमाणे मोजणी उतरण्याच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे ५ मार्चपासून व्हायला हवी, बिलात ३ मार्चपासून आहे (जोडपत्र १ आणि २). दोन, बुकिंग कन्फर्मेशनप्रमाणे फ्री दिवस चौदा, बिलात सात (जोडपत्र ३). तीन, २६ मार्चला तुमच्या यार्डने एमटी नाकारली, त्यापुढचे तीन दिवस आमच्याकडे लागू नाहीत (जोडपत्र ४ ते ६). आमच्या हिशेबाने १९ ते २६ मार्च या आठ दिवसांचे ३५० डॉलर देणं आहे आणि ते आम्हाला मान्य आहे. हिशेबाचा तक्ता सोबत. क्रेडिट नोट द्यावी, किंवा प्रत्येक मुद्दा कोणत्या कलमाखाली नाकारत आहात ते कळवावं."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. "तुमची विनंती मान्य करता येत नाही" एवढंच उत्तर आलं तर तोच मेल पुन्हा वरच्या साहेबाकडे पाठवता येतो, प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही म्हणून. लाइनच्या साइटवर तक्रारीचा वेगळा फॉर्म असेल तर तोही भरा आणि त्याचा नंबर मेलमध्ये लिहा. किती दिवसांत हरकत घ्यायची याची मुदत बिलावर किंवा टॅरिफमध्ये असते. ती आधी बघा. आम्ही तिसऱ्या दिवशी पाठवला.

मधल्या काळात पैसे

तत्त्व म्हणून पैसे अडवून ठेवावेत असं सगळ्यांना वाटतं. पण लाइनच्या हातात दोन चाव्या असतात, तुमचं डिपॉझिट आणि पुढच्या कंटेनरचा डीओ. आमच्या कारखानदारांचा पुढचा कंटेनर आठवड्याने येणार होता. जुनी थकबाकी दाखवून डीओ थांबला असता तर वाचवायचे लाख आणि घालवायचे दोन लाख, अशी गत झाली असती.

म्हणून पूर्ण रक्कम भरली, पण भरण्याआधी मेल केला: ही रक्कम अंडर प्रोटेस्ट भरत आहोत, डीओ मिळावा एवढ्याच कारणासाठी, आमची हरकत कायम आहे. मेल पैसे जाण्याआधी गेला पाहिजे. नंतर पाठवलेल्या मेलला तेवढं वजन नसतं. पुढची आयात नसेल तर मात्र मान्य असलेले ३५० डॉलर आणि त्यावरचा जीएसटी तेवढाच भरा, उरलेली रक्कम वादात आहे असं लिहा.

क्रेडिट नोट देताना काही लाइन्स नुसती रक्कम कमी करतात आणि जीएसटीला हात लावत नाहीत. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४खालची क्रेडिट नोट हवी असं आधीच सांगा. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरनंतर, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं गेलं तर त्यानंतर, जीएसटीचा भाग कमी करून मिळत नाही. त्यामुळे वाद वर्षभर रेंगाळू देऊ नका. तुम्ही त्या बिलाचं इनपुट क्रेडिट घेतलं असेल तर तेवढं उलटवावं लागेल, सीएला कळवा.

लाइन ऐकतच नसेल तर

कोर्टाची भाषा करण्याआधी बीएलच्या मागच्या पानावरचं बारीक छापलेलं कलम वाचा. अनेक लाइन्सच्या बीएलवर इंग्लंडचा कायदा आणि लंडनचं कोर्ट असतं. भारतीय कायदा लागू होत असेल तर १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ कामाला येतं. करारात रक्कम ठरलेली असली तरी वाजवी तेवढीच भरपाई मिळते, ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा.

इंग्रजी कायद्यातही मीटर कायम चालू राहत नाही. चितगावला अडकलेल्या ३५ कंटेनरांच्या प्रकरणात लाइनने दहा लाख डॉलरहून जास्त मागितले होते, पेट्यांच्या स्वतःच्या किमतीच्या कितीतरी पट. इंग्लंडच्या अपील कोर्टाने २०१६मध्ये ठरवलं की पेट्या परत मिळण्याची आशा संपली आणि कराराचा हेतूच मोडला, त्या टप्प्यानंतर डेमरेज वाढत राहू शकत नाही. पण हा युक्तिवाद वर्ष-वर्ष अडकलेल्या पेट्यांसाठी आहे. वीस दिवसांच्या बिलात तो काढला तर लाइनचा वकील हसेल. लाखभराच्या वादासाठी लाइनच्या देशपातळीवरच्या ऑफिसपर्यंत जाणं आणि तुमच्या सीएचएच्या, म्हणजे कस्टम्स एजंटच्या, संघटनेमार्फत जेएनसीएच या न्हावा शेवाच्या कस्टम हाउसच्या ट्रेड फॅसिलिटेशन कमिटीत विषय काढणं एवढंच परवडतं. ती कमिटी लाइनला हुकूम देत नाही. पण एकाच यार्डबद्दल दहा जणांची तक्रार तिथे नोंदली गेली की यार्डची वागणूक बदलते.

आमच्या प्रकरणात उत्तर यायला पाच आठवडे लागले. सुरुवातीची तारीख आणि चौदा दिवस हे दोन्ही लाइनने जसेच्या तसे मानले. यार्डच्या मुद्द्यावर तीनपैकी दोनच दिवस सोडले. नवं यार्ड २८ला दुपारी कळवलं होतं, गाडी २९ला आली, तो दिवस तुमचा, असं म्हणाले. ड्रायव्हर त्या दुपारी गावाला गेला होता हे आम्हालाही माहीत होतं, म्हणून ताणलं नाही. नऊ दिवसांचे ४२० डॉलर झाले, जीएसटीसह ४२,१२६ रुपये, आणि उरलेल्या ९५,२८५ रुपयांची क्रेडिट नोट आली. त्यावर जीएसटीची ओळ नव्हती. ती दुरुस्त करून घ्यायला आणखी दोन मेल लागले.